सासऱ्यांचं पोट साफ होत नाही : दही, ताक की प्रोबायोटिकची कॅप्सूल?

मानसी_ऐरोली
सासरे ७१ वर्षांचे आहेत. गेले तीनेक महिने पोट साफ होत नाही. आठवड्यातून दोनदा, फार तर तीनदा, तेही खूप कुंथून आणि खडेखडे. आधी तक्रार अजिबात नव्हती, सकाळचा चहा झाला की घड्याळ लावल्यासारखे जायचे. रक्त पडत नाही, वजन तेवढंच आहे, जेवण व्यवस्थित.

घरात तीन मतं आहेत. नवरा म्हणतो, दुपारी वाटीभर घरचं दही आणि रात्री ताकभात खातात, त्यात सगळे चांगले जिवाणू असतात, वेगळं काही नको. सासूबाई म्हणतात, दह्यानेच घट्ट होतं, बंद करा. आणि सोसायटीतल्या एका काकांच्या सांगण्यावरून बाबांनी स्वतःच स्टेशनजवळच्या दुकानातून प्रोबायोटिक कॅप्सूलची पट्टी आणली आहे. दहा कॅप्सूलची किंमत बघून मी गप्पच झाले. ते घ्यायला लागून आठवडा झाला, फरक शून्य.

मला घरगुती उपायांची यादी नको आहे, ती सगळ्या नातेवाइकांकडून मिळाली आहे. दही, ताक आणि या कॅप्सूल यांतलं काय बद्धकोष्ठावर खरंच तपासलं गेलंय आणि काय निघालं, हे कोणी सांगेल का?

काकू_खारघर
मानसी, दही रात्री कधीच द्यायचं नाही, ताक दुपारी. आमच्याकडे पोट साफ होत नसेल तर इसबगोल दह्यात कालवून देतात. दोन दिवसांत काम होतं. कॅप्सूल वगैरे पैसे उकळायचे धंदे.

ईशाची_आई
आमच्याकडे पोट बिघडलं की डॉक्टर त्या छोट्या प्लास्टिकच्या कुपीतलं औषध देतात, पाण्यासारखं दिसतं, चव नसते. ईशाला अँटिबायोटिक चालू असताना दिलं होतं, दुसऱ्या दिवशी जुलाब कमी. बाबांना तेच द्या, कॅप्सूलपेक्षा बरं.

मानसी_ऐरोली
ईशाची आई, बाबांना जुलाब नाहीत हो, उलट आहे :)

विरजण
मी डेअरीच्या प्रयोगशाळेत पुष्कळ वर्षं काढली आहेत, म्हणून हिशेब मांडतो. योगर्ट म्हणून विकायच्या पदार्थात ग्रॅमला किमान १ कोटी जिवंत जिवाणू हवेत असं कोडेक्सचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. ताज्या, नीट लागलेल्या घरच्या दह्यात बऱ्याचदा त्याहून जास्तच निघतात. किमान धरलं तरी २०० ग्रॅमच्या वाटीत २०० कोटी, म्हणजे २ अब्ज. आता ती पट्टी उलटून बघा, कॅप्सूलवरही साधारण असाच आकडा असेल. मग वीसपट पैसे कशाला? नवरोबांचं बरोबर आहे.

एक मात्र. दुकानात फ्रीजबाहेर ठेवलेलं, महिनोन् महिने टिकणारं खोक्यातलं ताक असेल तर ते भरण्याआधी किंवा भरताना तापवलेलं असतं, त्यात जिवंत काही नसतं. कढीतही नाही. फ्रीजमधलं साधं दही-ताक जिवंत असतं.

आहारतज्ज्ञ_घोडबंदर
विरजण यांचा आकडा बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र नाही. प्रश्न किती जिवाणू याचा नसून कोणते याचा आहे. मानसी, पट्टीवर बारीक अक्षरात जे नाव आहे ते पूर्ण लिहाल का? कंपनीचं नको, जिवाणूचं.

मानसी_ऐरोली
"बॅसिलस क्लॉसाय, २ अब्ज स्पोअर्स." आणखी काही नाही.

आहारतज्ज्ञ_घोडबंदर
म्हणजे ईशाच्या आईंनी प्रश्न उलटा वाचला, पण औषध अगदी तेच ओळखलं. कुपीत असतो तोच हा जिवाणू, इथे कॅप्सूलमध्ये भरलाय. याचा अभ्यास झालाय तो मुख्यतः जुलाबांवर आणि अँटिबायोटिकने बिघडणाऱ्या पोटावर. बद्धकोष्ठावर तो चालतो असं म्हणावं असा भक्कम पुरावा नाही. सॅकरोमायसिस बोलार्डी नावाच्या यीस्टची पाकिटं मिळतात, त्यांचंही तसंच. आपल्याकडे पाटी एकच, 'प्रोबायोटिक', आणि खाली जुलाब, गॅस, बद्धकोष्ठ सगळं एकत्र. दुकानदाराने फसवलं असं मी म्हणणार नाही, त्याच्याकडे जे जास्त खपतं ते त्याने दिलं.

आता पुराव्याचं. बद्धकोष्ठावर सगळ्यांत जास्त तपासला गेलेला गट म्हणजे बिफिडोबॅक्टेरियम लॅक्टिस. त्याच्याही पोटजाती आहेत आणि त्यांना क्रमांक असतात. त्यातल्या एचएन०१९ या एकाच पोटजातीची गोष्ट सांगते, म्हणजे 'पुरावा आहे' या वाक्याचं वय कसं बदलतं ते दिसेल.

२०११ मध्ये १०० प्रौढांवर दोन आठवड्यांचा अभ्यास आला. अन्न तोंडातून आत गेल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ या जिवाणूने कमी झाला, आणि जास्त मात्रेने जास्त कमी झाला. सगळ्यांना आनंद झाला, डबे बाजारात आले. २०१८ मध्ये दोनशेहून जास्त लोकांवर, चार आठवडे, तेच करून पाहिलं तर मोठ्या आतड्यातून पुढे सरकण्याच्या वेळेत खोट्या पुडीच्या तुलनेत फरक दिसला नाही. २०२४ मध्ये चीनमधून आठ आठवड्यांचा अभ्यास आला, लोक पुन्हा दोनशेच्या वरच. आपणहून आणि पूर्ण समाधान होईल असं आठवड्यात किती वेळा होतं, हे त्यांनी मोजलं. जिवाणू घेणाऱ्यांचं सुधारलं. खोटी पुडी घेणाऱ्यांचंही जवळपास तेवढंच सुधारलं.

ही शेवटची ओळ महत्त्वाची आहे. बद्धकोष्ठाच्या अभ्यासात काहीच औषध नसलेली पुडी घेऊनही पुष्कळ लोकांना बरं वाटतं, कारण ते त्याच वेळी पाणी, जेवण, वेळेवर बसणं याकडे लक्ष द्यायला लागतात आणि तक्रार मुळातच कमी-जास्त होत असते. म्हणून "मी दही सुरू केलं आणि बरं झालं" यावरून दह्याबद्दल काही कळत नाही.

वैतागलेला_वाशीकर
हा टोमणा मलाच आहे असं धरतो :D कारण मी तेच लिहायला आलो होतो. मला कॉलेजपासून त्रास. ऑफिसात जेवणानंतर रोज एक डबी दही सुरू केलं आणि महिनाभरात सुटलो. मला अभ्यास नको, माझं पोट मला कळतं.

आहारतज्ज्ञ_घोडबंदर
टोमणा नव्हता :) चालू ठेवा, दही चांगलंच आहे. एकच विचारते, दही आल्यावर त्या वेळेचं आधीचं काही गेलं का? चहा-बिस्किट, वडापाव वगैरे?

वैतागलेला_वाशीकर
आधी कॅन्टीनला जायचो. दही नेतो म्हणून डबा न्यायला लागलो. भाजी, पोळी, काकडी. हं.
तरी माझं मत दह्याकडेच आहे.

सुहृद_कोपरी
आहारतज्ज्ञ, तुम्ही एकच पोटजात घेऊन सगळ्यांना नापास करताय. २०१४ मध्ये १४ अभ्यास एकत्र करून, जवळपास १२०० लोकांचं विश्लेषण आलंय. प्रोबायोटिकने आठवड्याला सरासरी १.३ वेळा जास्त आणि आतड्यातून जायला सुमारे १२ तास कमी. आठवड्यातून दोनदा होणाऱ्याला तीनदा व्हायला लागलं तर ते थोडं आहे का? मी स्वतः ते छोट्या बाटलीतलं गोड दूध रोज पितो, त्याच आधारावर.

आहारतज्ज्ञ_घोडबंदर
थोडं नाही, १.३ खरंच मिळत असेल तर मी स्वतः घेईन. पण ती सरासरी आहे. त्यात वेगवेगळे जिवाणू, वेगवेगळ्या मात्रा आणि बरेचसे छोटे अभ्यास एकत्र आले आहेत. लेखकांनी स्वतःच गट पाडून पाहिलं तेव्हा फायदा दिसला तो बिफिडोबॅक्टेरियम लॅक्टिसमध्ये. आणि तुम्ही पिता त्या बाटलीत लॅक्टोबॅसिलस केसाय शिरोटा असेल, तर त्याच विश्लेषणात शिरोटाने शौचाची संख्या वाढलेली दिसली नाही. तुमचा आधारच तुमच्या बाटलीच्या विरोधात आहे. शिवाय त्यात साखर असते, ती वेगळी.

मी नापास कोणालाच करत नाहीये. मोठे आणि नीट केलेले अभ्यास यायला लागले तसा फायदा आकसत गेला, एवढंच. ब्रिटनच्या आहारतज्ज्ञ संघटनेने २०२५ मध्ये फक्त बद्धकोष्ठाच्या आहारावर मार्गदर्शन काढलं. त्यात इसबगोल, किवी फळ, राईचा पाव, मॅग्नेशियम ऑक्साइड, खनिजं जास्त असलेलं पाणी यांना ठळक जागा आहे. प्रोबायोटिक आहेत, पण 'काही ठरावीक प्रकारांचा उपयोग होऊ शकतो' एवढ्यावर.

सुहृद_कोपरी
बाटलीवर शिरोटाच लिहिलंय. बघतो.
पण किवी? म्हणजे परदेशी फळ चालतं आणि आपलं दही नाही?

आहारतज्ज्ञ_घोडबंदर
किवी तपासलं गेलंय म्हणून यादीत आहे. आपलं घरचं दही, ज्यात दर घरी आणि दर ऋतूत वेगळे जिवाणू असतात, ते घेऊन असा मोठा अभ्यास करणंच अवघड आहे. म्हणजे घरच्या दह्याने बद्धकोष्ठ जात नाही हे सिद्ध झालेलं नाही. ते जातं हेही नाही. दही-ताकात तंतू म्हणजे फायबर अजिबात नसतं, हे मात्र पक्कं. ज्याचं जेवण भात, दही, बटाटा, बिस्किट असं मऊ-मऊ झालंय, त्याची वाटी दह्याने भरली तर भाजीची जागा जाते. सासूबाईंना दह्याने घट्ट होताना दिसतं ते बहुधा यामुळे.

काकू_खारघर
म्हणजे सासूबाईच बरोबर. ताकाबद्दल बोला की. ताक तर पातळ करतं.

विरजण
काकू, ताकातलं जे आहे ते जवळजवळ सगळं पाणीच. बाकी आंबटपणा आणि थोडेसे जिवाणू. मला स्वतःला वाटतं की आंबट ताकातल्या लॅक्टिक आम्लाचाही आतड्याच्या हालचालीवर थोडा परिणाम असावा. लॅबमध्ये आम्ही हे तपासायचो नाही, त्यामुळे माझं म्हणणं म्हणून घ्या.

आणि आहारतज्ज्ञांचा मुद्दा मान्य. दही लावतात ते लॅक्टोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस, बल्गॅरिकस वगैरे. बिफिडो दह्यात आपोआप नसतो. मोजणीत आकडा सारखा आला म्हणून माणसं तीच नव्हेत.

नौपाड्याचा_केमिस्ट
सगळी चर्चा वाचली. मानसीताई, एक गोष्ट कोणीच विचारली नाही. आधी रोज व्हायचं आणि तीन महिन्यांत अचानक बदललं. माझ्या काउंटरवर असं कोणी सांगितलं की मी आधी औषधांची पिशवी मागतो. बाबा रोज काय काय घेतात, आणि त्यातलं तीन-चार महिन्यांत नवीन काय, हे लिहा. व्हिटॅमिन, कॅल्शियम, चूर्ण, सगळं.

मानसी_ऐरोली
ब्लड प्रेशरची अॅम्लोडिपिन, बरीच वर्षं. कॅल्शियमची गोळी, गेल्या वर्षीपासून. रात्री सारखं लघवीला उठतात म्हणून युरोसर्जननी दोन गोळ्या दिल्या आहेत. टॅम्सुलोसिन आधीपासून आहे, आणि दुसरी दिवाळीनंतर सुरू झाली, सॉलिफेनॅसिन ५. चूर्ण अधूनमधून, डब्यावर सोनामुखी लिहिलंय.

अरे देवा. दिवाळीनंतर.

नौपाड्याचा_केमिस्ट
सॉलिफेनॅसिन मूत्राशयाच्या स्नायूला शांत करते, म्हणून सारखी घाई होत नाही. पण ज्या इशाऱ्यावर मूत्राशय आवळतं त्याच जातीच्या इशाऱ्यावर आतडंही हलतं. ते पण मंदावतं. तोंड कोरडं पडणं आणि बद्धकोष्ठ हे या गोळीचे नेहमीचे त्रास, मात्रा वाढली की जास्त. बाबांचं तोंड कोरडं पडतं का विचारा.

कॅल्शियम कार्बोनेटही घट्ट करतं, अॅम्लोडिपिन थोडंफार. पण त्या जुन्या आहेत, त्यांच्यावर रोज साफ होत होतं.

गोळी आपल्या मनाने बंद करू नका. युरोसर्जनना फोन करा आणि नेमक्या शब्दांत सांगा : ही गोळी सुरू झाल्यापासून रोजचं आठवड्यातून दोनदा झालंय. मात्रा, पर्याय ते ठरवतील. याच तक्रारीसाठी मिराबेग्रॉन नावाचं वेगळ्या प्रकारचं औषध आहे, ते आतड्याला सहसा इतकं बांधत नाही, पण त्यात ब्लड प्रेशर बघावं लागतं. चालेल की नाही ते त्यांनाच कळेल.

मानसी_ऐरोली
तोंड कोरडं पडतं. रात्री उशाशी खडीसाखर ठेवतात. आम्हाला वाटलं वयामुळे.
आणखी एक. लघवीला उठावं लागतं म्हणून संध्याकाळी पाचनंतर ते पाणीच पीत नाहीत. रात्रीच्या ताकभातातलं ताक तेवढंच.

आहारतज्ज्ञ_घोडबंदर
केमिस्टसाहेब, धन्यवाद. हे मी पहिल्याच प्रतिसादात विचारायला हवं होतं असं कोणी म्हणालं तर ऐकून घेईन.

आता ताकाला काम मिळालं. संध्याकाळचं पाणी बंद असेल तर ते सकाळी आणि दुपारी भरून काढायचं, आणि म्हाताऱ्या माणसाला नुसतं पाणी जात नाही, ताक जातं. सकाळी दहा-अकराला एक मोठा पेला पातळ ताक, जेवताना एक. मीठ बेतानं, ब्लड प्रेशर आहे. दिवसाचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आणि चहाचा अर्धा चमचा मीठ म्हणजे त्याचा जवळपास अर्धा वाटा. जिरं, हिंग, कोथिंबीर घाला, मीठ चिमटीभर. सैंधव किंवा काळं मीठ घेतलं तरी सोडियम आहेच.

इसबगोलबद्दल काकूंचा उपाय अर्धा चांगला आहे. इसबगोलाला पुरावा आहे, दह्यापेक्षा कितीतरी जास्त. पण घट्ट दह्यात कालवून, वर पाणी न पिता खाणं ही जुलाबातली पद्धत. भुसा आपल्याकडचं पाणी ओढून फुगतो. पाणी मिळालं नाही तर तो घशात अडकू शकतो, किंवा आतड्यात आधीच कडक झालेल्या मळाच्या मागे जाऊन बसतो. सत इसबगोलचा एक मोठा चमचा साधारण ५ ग्रॅम. अभ्यासांत चांगला गुण दिसला तो दिवसाला १० ग्रॅमच्या वर, निदान चार आठवडे. बाबांना मात्र चहाच्या एका चमच्याने सुरू करा, पेलाभर पातळ ताकात ढवळून लगेच प्यायचं, फुगायची वाट बघायची नाही, आणि वर पेलाभर पाणी. पाच-सहा दिवसांनी वाढवायचं. बाकीच्या गोळ्यांपासून दोनेक तास लांब. गिळताना ठसका लागत असेल तर इसबगोल द्यायचाच नाही.

आणि चार-पाच दिवस अजिबात झालं नसेल, पोट फुगलंय, किंवा नुसतं पाणीच झिरपतंय, तर यातलं काहीही न करता डॉक्टरकडे. कडक गोळा अडकलेला असतो तेव्हा भुसा घातला की त्रास वाढतो.

काकू_खारघर
आमच्याकडे दह्यातून घेऊन कोणाला काही झालं नाही. पण पाणी पितातच वर, ते खरं.

ईशाची_आई
विषय निघालाच आहे म्हणून विचारते. ईशा चार वर्षांची, तिला मात्र खरंच खडा होतो, रडते, दाबून ठेवते. दूध भरपूर पिते. जिवाणूवालं दही मिळतं ते मुलांना चालतं का?

आहारतज्ज्ञ_घोडबंदर
चालतं, पण बद्धकोष्ठावर भरवसा ठेवू नका. २०११ मध्ये १५९ मुलांवर असंच बिफिडोचं आंबवलेलं दूध तीन आठवडे देऊन पाहिलं. शौचाची संख्या दोन्ही गटांत वाढली, फरक ठोस निघाला नाही. उलट दुधाचा प्रश्न बघा. १९९८ चा एक इटालियन अभ्यास आहे, औषधाने न बऱ्या झालेल्या ६५ मुलांचा. गाईचं दूध बंद करून सोयाचं दूध दिल्यावर ४४ जणांना बरं वाटलं. ती निवडक, हट्टी तक्रारीची मुलं होती, प्रत्येक मुलाला हे लागू नाही, आणि चार वर्षांच्या मुलीचं दूध परस्पर तोडूही नका. पण भरपूर म्हणजे किती, ते मोजा आणि बालरोगतज्ज्ञांना सांगा. दाबून ठेवते हे आधी सांगा, कारण ते दुखण्याच्या भीतीने असतं आणि त्यावर मळ मऊ करणारं औषध काही महिने लागतं. ईशासाठी वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

रेवती_नेरूळ
माझ्या आईची केमो चालू आहे आणि बद्धकोष्ठ खूप. कॅप्सूल देऊ का? हॉस्पिटलमध्ये विचारायला राहिलं.

नौपाड्याचा_केमिस्ट
रेवतीताई, विचारल्याशिवाय देऊ नका. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना हेच 'चांगले' जिवाणू क्वचित रक्तात शिरल्याची उदाहरणं आहेत. घरच्या दह्याबद्दलही त्यांनाच विचारा, प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे. उलटी थांबवणारी ऑन्डॅनसेट्रॉन आणि वेदनेच्या काही गोळ्या जबरदस्त घट्ट करतात, त्यामुळे साधं मळ मऊ करणारं औषध ते सोबत देतातही. आजच फोन करा.

मानसी_ऐरोली
तीन आठवड्यांनी लिहितेय. युरोसर्जननी सॉलिफेनॅसिन बंद करून दुसरी दिली, ब्लड प्रेशर लिहून ठेवायला सांगितलंय. सकाळी ताक, इसबगोल आता दोन वेळा. आठवड्यातून चार-पाच वेळा होतंय, खडे गेले, पण कुंथावं अजून लागतं. लघवीची घाई मात्र परत थोडी वाढली आहे, त्यावर पुढच्या भेटीत बोलणार.

घरात आता नवीन भांडण. बाबा म्हणतात ताकाने झालं. सासूबाई म्हणतात दुपारचं दही बंद केलं म्हणून. नवऱ्याने या सगळ्यात बिफिडोबॅक्टेरियम लॅक्टिसचा डबा मागवला, तोही चालू आहे. पूर्ण नाव आणि एचएन०१९ लिहिलंय.

आहारतज्ज्ञ_घोडबंदर
पाच गोष्टी एकदम बदलल्यावर श्रेय कोणाला द्यायचं ते मलाही सांगता येणार नाही. माझा अंदाज गोळी आणि इसबगोल, पण अंदाजच. डब्याचा निकाल लावायचा असेल तर एक सोपी पद्धत आहे. बाकी सगळं आहे तसं ठेवा, डबा थांबवा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज तीन खुणा करा : झालं का, खडे की शेंगेसारखं की पातळ, आणि कुंथावं लागलं का. दोन-तीन आठवडे. बिघडलं तर परत सुरू करा आणि सुधारतं का बघा. काहीच हललं नाही तर पुढचा डबा मागवू नका. यापेक्षा जास्त दिवस 'असू दे, चांगलंच असतं' म्हणून चालू ठेवण्याएवढा पुरावा माझ्याकडे नाही.

कुंथणं मात्र वेगळं बघा. मळ मऊ होऊनही जोर लावावा लागत असेल, अडकल्यासारखं वाटत असेल, तर कधीकधी खालचे स्नायू सैल व्हायच्या ऐवजी आवळले जातात. त्याला ताक, जिवाणू, भुसा काहीच पुरत नाही, स्नायूंचं प्रशिक्षण लागतं. आधी पायाखाली वीतभर उंच पाट ठेवून बघा. महिनाभरात फरक नसेल तर पोटाच्या तज्ज्ञांना दाखवा. या वयात नव्याने सुरू झालेली तक्रार आहे, कारण सापडल्यासारखं वाटलं तरी एकदा दाखवावंच. मोठ्या आतड्याची तपासणी हवी का ते तेच ठरवतील.

सुहृद_कोपरी
डबा थांबवून सुधारणा टिकली तरी जिवाणू आधीच आतड्यात स्थिरावले म्हणून टिकली असं का नसेल?

आहारतज्ज्ञ_घोडबंदर
बहुतेक प्रोबायोटिक बंद केल्यावर काही दिवसांत किंवा आठवड्यांत मळात सापडेनासे होतात, म्हणून दोन-तीन आठवडे म्हटलं. पण शंका पूर्ण फेडता येत नाही, एका माणसावर एवढंच कळतं.

वैतागलेला_वाशीकर
एक जुगाड सुचतोय. डब्यातली एक कॅप्सूल फोडून कोमट दुधात विरजण म्हणून लावली, मग त्याच दह्याने पुढचं लावत गेलो, तर एका कॅप्सूलमध्ये वर्षभराचं बिफिडो दही?

विरजण
हा प्रश्न मला डेअरीतही लोक विचारायचे. होत नाही. बिफिडोला हवा सोसत नाही आणि नुसत्या दुधात तो मंद वाढतो. तुमच्या पातेल्यातले, हवेतले, आधीच्या विरजणातले लॅक्टोकॉकस तासाभरात पुढे जातात आणि आंबट करून टाकतात. पहिल्या वाटीत काही बिफिडो राहतील, तिसऱ्या-चौथ्या वेळी जवळजवळ नाहीतच. आणि दही मात्र नेहमीसारखंच छान लागलेलं दिसेल, म्हणजे बघून कळायचा काही मार्ग नाही. कंपन्या बिफिडो वेगळा वाढवून, मोजून, मग दह्यात घालतात.

घ्यायचाच असेल तर पुडी गार ताकात, प्यायच्या वेळी ढवळा. गरम फोडणी घातलेल्या ताकात नको. आणि डबा ओट्यावर गॅसशेजारी ठेवू नका, एप्रिल-मेमध्ये तर नाहीच. लेबलवरचा आकडा 'बनवताना' आहे की 'मुदत संपेपर्यंत' तेही बघा, बऱ्याच डब्यांवर पहिलाच असतो.

मानसी_ऐरोली
आमचा ओट्यावरच आहे, मायक्रोवेव्हच्या वर. आणि "बनवताना" लिहिलंय. नवऱ्याला दाखवते.